आता रफाराची पाळी

*मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. वर्गात एक मुलगा आहे, त्याला आपण सोन्या म्हणू. जूनमध्ये त्याला दोन अक्षरी शब्दही धड वाचता येत नव्हता. प्रथम सत्रात मराठीत ३८ गुण, श्रेणी ड. दिवाळीनंतर तो हळूहळू सावरला. द्वितीय सत्रात ५८ गुण, क-१. गणितातही तसंच. प्रगतिपत्रकावर मी लिहिलं होतं, ‘सुरुवातीला खूप मागे होता, पण आता बरीच सुधारणा आहे, अजून मेहनतीची गरज.’ मुख्याध्यापक म्हणाले, नकारात्मक नको, ‘उत्तम प्रगती’ लिहा. पण क-१ च्या शेजारी ‘उत्तम प्रगती’ लिहायला हात धजत नाही. जूनचं अपयश कार्डावर कायमचं राहावं असंही वाटत नाही. कधी वाटतं, श्रेणीच जरा वर सरकवावी. काय लिहू? सोबत माझ्या नोंदवहीच्या दोन पानांचे फोटो पाठवते आहे.*

*– एक शिक्षिका*

प्रिय बाई,

पत्राआधी मी तुमच्या नोंदवहीचे फोटोच वाचले आणि मला वाटलं, ही नोंद तर लिहून झालेली आहे. फक्त ती चुकीच्या वहीत आहे. जुलैच्या पानावर तुम्ही लिहिलंय, ‘४० शब्दांपैकी ११ बरोबर. घ-ध, भ-म यांत गोंधळ. वेलांटी सोडून देतो. सगळ्यांबरोबर म्हणताना मात्र अडत नाही.’ सप्टेंबरात १९ शब्द. डिसेंबरात ३१, आणि पुढे ‘गल्ली, चिठ्ठी, पक्का वाचले. सूर्य = सूयर.’ मार्चमध्ये ३७ आणि खाली एक ओळ, ‘वाचून झाल्यावर स्वतःच हसला.’ एवढं बारकाईनं पाहणारी बाई प्रगतिपत्रकाचा चौकोन दिसला की ‘बरीच सुधारणा’ लिहून मोकळी होते, याचं मला नवल वाटलं नाही. मीही तेच केलंय, वर्षानुवर्षं. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, वर्णनात्मक नोंदी आल्या, आणि पाठोपाठ त्या नोंदींच्या तयार याद्याही आल्या. ‘शालेय शिस्त आत्मसात करतो’, ‘वर्गात क्रियाशील राहतो’, ‘उपक्रमात सहभागी होतो’. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात चाळीस कार्डं समोर असली की हात आपोआप त्या यादीकडे जातो.

तुमची अडचण शब्दांची आहे असं तुम्ही मांडलंय. मला ती वाचणाऱ्याची वाटते. ही नोंद लिहिताना तुमच्या डोळ्यांसमोर मुख्याध्यापक आहेत, थोडे सोन्याचे वडील आहेत, कदाचित तपासणीला येणारे केंद्रप्रमुखही असतील. सोन्या कुठेच नाही. आणि गंमत बघा, जूनमध्ये तो नसणं बरोबर होतं, कारण तेव्हा त्याला हे कार्ड वाचताच आलं नसतं. आता येतं. तुमच्या वर्षभराच्या कामाचा खरा निकाल तोच आहे: तुम्ही लिहाल ते तो स्वतः वाचणार आहे. तेव्हा त्याला वाचता येईल अशा शब्दांत लिहा. त्याला ज्या तऱ्हेचे शब्द येतात ते तुमच्याच वहीत आहेत. आपण मात्र कार्डाच्या डोक्यावरच ‘प्रगतिपत्रक’ छापून ठेवतो, प्र आणि त्र, दोन्ही एकाच शब्दात! तो मथळा तुमच्या हातात नाही, पण चौकोनातल्या ओळी आहेत.

लिहिण्याआधी मात्र एक काम करा. चारही वेळा तुम्ही तोच ४० शब्दांचा उतारा वाचून घेतलेला दिसतोय, कारण दोन्ही पानांवर वर ‘उतारा: बैलपोळा’ असंच लिहिलंय. तुलना सोपी जावी म्हणून तसं केलं असेल, आणि तो विचार चुकीचा नाही. पण ज्या मुलाबद्दल तुम्हीच जुलैत लिहिलंत की सगळ्यांबरोबर म्हणताना तो अडत नाही, त्या मुलाचे कान तल्लख आहेत. वर्गात सामुदायिक वाचन चालू असतं, तेव्हा अशी मुलं बोट ओळीवर ठेवून शेजाऱ्याच्या आवाजावर आवाज चढवतात आणि धडा पाठ करून टाकतात. ‘बैलपोळा’ त्यानं वर्षभरात किती वेळा ऐकला असेल? तेव्हा ३७ मधले काही शब्द डोळ्यांनी वाचलेले असतील आणि काही कानांनी.

म्हणून या आठवड्यात त्याला एक नवा उतारा द्या. शाळेच्या पेटीतलं गोष्टीचं पुस्तक घ्या, त्यानं न ऐकलेलं, साधारण तेवढ्याच लांबीचं. इतर मुलं नसताना, मधल्या सुट्टीत किंवा परिपाठाआधी वाचून घ्या. तो वाचत असताना तुमच्या प्रतीवर चुकलेल्या शब्दावर बारीक रेघ मारा आणि तो काय म्हणाला ते वर लिहा. मधे दुरुस्त करू नका. वाचून झालं की पुस्तक मिटून दोनच प्रश्न विचारा: काय झालं आणि का झालं. त्यात दहा मिनिटं जातील. चाळीसपैकी तीसच्या आसपास शब्द बरोबर आले आणि गोष्ट सांगता आली, तर ‘नवी गोष्टही आपली आपण वाचतो’ असं तुम्ही बिनधास्त लिहू शकता. आकडा विशीत आला, तर नोंद होईल ‘ओळखीचा धडा नीट वाचतो’, आणि पुढचं काम होईल नवा मजकूर. तीसचा आकडा हा माझा अनुभवातून आलेला ठोकताळा आहे, कुठला नियम नव्हे. दोन्ही नोंदी चांगल्याच आहेत. दुसऱ्या परिस्थितीत पहिली लिहिली, तर मात्र चौथीच्या बाई जूनमध्ये त्याच्या हातात नवं पुस्तक देतील, तो अडेल, आणि त्यांना वाटेल तिसरीत काही शिकवलंच नाही.

आता जूनच्या अपयशाबद्दल. ते लपवावं असं तुम्हाला वाटतं, त्यामागे एक समजूत आहे की कार्डावर लिहिलेलं त्याला चिकटून राहील. ही भीती खरी आहे. मी नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत दुसरीतल्या एका मुलीच्या कार्डावर ‘संथ गतीने शिकते’ असं लिहिलं होतं. दोन वर्षांनी चौथीच्या वर्गात सहज डोकावले, तर ती शेवटच्या ओळीत. विचारलं तर तिथले गुरुजी म्हणाले, ‘तुम्हीच लिहिलंय की, संथ आहे म्हणून.’ त्या दिवसापासून मुलाच्या नावापुढे मी विशेषण लावणं सोडलं. पण माझी चूक काय होती ते नीट बघा. ती दुसरीत मागे होती ही गोष्ट मी लिहिली, यात चूक नव्हती. ती काय वाचू शकते आणि काय नाही हे न लिहिता ती कशी आहे हे लिहिलं, ती चूक. ‘मागे होता’ हेही तसंच आहे. कोणाच्या मागे? वर्गाच्या. म्हणजे वर्गातली बाकीची मुलं त्याच्या कार्डावर येऊन बसली.

‘जूनमध्ये एकेक अक्षर लावून वाचायचा’ या वाक्यात त्याच्यावर कसलाही शिक्का नाही. ते एक ठिकाण आहे, जिथून तो निघाला. आणि ते ठिकाण पुसलं, तर चाललेलं अंतर दिसणार कसं? क-१ तेवढा उरतो, आणि क-१ म्हणजे ५१ ते ६० मधला कोणीतरी. वर्षभर पंचावन्नवरच असलेला मुलगाही क-१ आणि अडतीसवरून अठ्ठावन्नवर आलेला सोन्याही क-१. या दोघांतला फरक सांगायची जागा कार्डावर एकच आहे, ती म्हणजे हा चौकोन. म्हणून जून लिहा, फक्त क्रियापदात लिहा, विशेषणात नको.

शिवाय जून तसा कार्डावर आधीच आहे. प्रथम सत्राच्या रकान्यात ड छापून झालाय आणि त्याखाली तुम्हीच ऑक्टोबरात काहीतरी लिहिलंय. फोटोत ते कार्ड नाही, पण ‘वाचनाचा सराव आवश्यक’ अशा चालीचं काही असावं असा माझा अंदाज आहे. ती ओळ काढून समोर ठेवा. द्वितीय सत्राची नोंद ही त्या ओळीला दिलेलं उत्तर असते. ऑक्टोबरात सराव हवा म्हटलंत, मग सराव झाला का आणि त्यातून काय आलं? दोन्ही रकाने घरचे लोक शेजारी शेजारी ठेवून वाचतात, आपण मात्र ते सहा महिन्यांच्या अंतरानं, पहिलं विसरून लिहितो.

मुख्याध्यापकांवर रागावू नका. नकारात्मक लिहू नये हा आग्रह मुळात चांगल्या हेतूनं आला. पूर्वीच्या ‘नापास’, ‘मठ्ठ’, ‘दंगेखोर’ या शेऱ्यांची ती प्रतिक्रिया होती. पण त्याच कार्डावर ‘सुधारणा आवश्यक’ असा रकाना आहे, म्हणजे सगळं गोडगोड लिहावं अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती. मुलाबद्दल वाईट बोलणं वेगळं आणि त्याचा पुढचा धडा सांगणं वेगळं, हे त्यांना तुम्ही नवीन नोंद दाखवूनच पटवा. वाद घालण्यापेक्षा ते सोपं जाईल. आणि ‘उत्तम प्रगती’ला माझाही विरोध आहे, पण क-१ मुळे नव्हे. ते दोन शब्द वर्गातल्या कुठल्याही मुलाच्या कार्डावर चिकटवता येतात, म्हणून. मी नोंद लिहून झाली की शेजारच्या कार्डावरचं नाव वाचून बघते. त्या नावालाही ती चालत असेल तर खोडते.

तुमच्या मूळ वाक्यातले तीन शब्द मला खटकले, त्यांच्याकडे वळते. पहिला ‘पण’. मराठीत ‘पण’च्या आधीचं कोणी ऐकत नाही. ‘सुरुवातीला मागे होता, पण सुधारला’ इथे निदान ‘पण’नंतर चांगलं आहे, तरी लगेच ‘अजून’ येतो आणि सगळं परत खाली बसतं. ‘अजून’ हा दुसरा शब्द. अजून चुकतो, अजून येत नाही, अजून गरज आहे. या शब्दात एक थकलेला उसासा असतो आणि मुलांना तो बरोबर ऐकू येतो. दोन्ही काढा आणि त्यांच्या जागी पूर्णविराम आणि ‘आता’ घाला. जूनमध्ये असं वाचायचा. आता तसं वाचतो. आता रफाराची पाळी.

तिसरा शब्द ‘मेहनत’, आणि यावर मला जरा थांबायचंय. तुमच्या दुसऱ्या पानावर हजेरीचे आकडे आहेत. जून ते ऑगस्ट मिळून २१ दिवस गैरहजर, आणि समासात बारीक अक्षरात, ‘आई निंदणीला, धाकटी बहीण घरी.’ गणपतीनंतर ‘आजी आली आहे.’ तिथून मार्चपर्यंत गैरहजेरी चार दिवस. बाई, मग या पोराचं जूनमध्ये काय कमी पडत होतं? मेहनत? आठ वर्षांचं मूल दिवसभर दीड वर्षाच्या बहिणीला सांभाळत होतं. ‘अजून मेहनतीची गरज’ हे वाक्य त्याच्या कार्डावर गेलं, तर घरी त्याचा अर्थ होईल की पोरगं आळशी होतं. खरं कारण तुमच्या समासात आहे. ते कार्डावरही लिहू नका, कारण तिथे ते आईवरचा ठपका होईल, आणि निंदणीची मजुरी सोडून ती घरी बसू शकत नव्हती हे तुम्हाला माहीत आहे. ते बोलून सांगायचं. आई-वडील निकालाला येतील तेव्हा सहज म्हणा, ‘आजी आल्यापासून तो रोज आला आणि रोज आला म्हणून वाचू लागला.’ पुढच्या जूनमध्ये आजी गावाला जायचं म्हणेल तेव्हा हे वाक्य त्यांना आठवायला हवं. संचयी नोंदपत्रकात, जे शाळेतच राहतं आणि पुढच्या शिक्षकाच्या हाती पडतं, तिथे हजेरीचे दोन आकडे तेवढे उतरवा.

श्रेणी वर सरकवण्याबद्दल फार बोलत नाही. तिसरीला वर्षभराच्या आकारिक मूल्यमापनाचे ६० आणि सत्राअखेरच्या संकलित चाचणीचे ४० गुण असतात. सोन्याचे प्रथम सत्रात २७ आणि ११, द्वितीय सत्रात ३६ आणि २२ असं तुमच्या पानावर दिसतंय. आकारिकमध्ये तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प असं बरंच तुमच्या हातात असतं, त्यामुळे तिथे तीन गुण वाढवले तर ब-२ होईल आणि कोणी विचारणारही नाही. पण संकलित चाचणीत तो ११ वरून २२ वर गेला, बरोबर दुप्पट, आणि तेही कोणी न सरकवता. तुम्ही तीन गुण घातलेत, तर या अकरांवरचाही विश्वास उडतो, निदान तुमचा स्वतःचा. श्रेणी तो आज कुठे उभा आहे ते सांगते, नोंद तो कुठून आला ते सांगते. एकीचं काम दुसरीला दिलं की दोन्ही खोट्या होतात.

गणिताची नोंद कशी करायची ते तुमच्याच उदाहरणांवर बघू, कारण तिथे तुम्ही एक सुंदर गोष्ट टिपली आहे आणि ती तुमच्या लक्षात आलेली नाही असं मला वाटतं. ऑगस्टमध्ये त्यानं ५२ – २७ = ३५ केलं. म्हणजे एककात २ मधून ७ जात नाहीत, तर त्यानं उलटं केलं, ७ मधून २ काढले. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करायचं, एवढाच त्याचा नियम. हातचा ही कल्पनाच नव्हती. मग तुम्ही काड्यांचे गठ्ठे दिलेत, एक गठ्ठा सोडून दहा सुट्या काड्या करायच्या, आणि डिसेंबरात २५ आलं. आता मार्चचं गणित बघा: ४०२ – १५८, त्याचं उत्तर २५४. बरोबर उत्तर २४४. तुम्ही त्यावर लाल फुली मारलीय. पण तो काय करत होता? २ मधून ८ जात नाहीत, दशकात शून्य, म्हणून तो शतकापर्यंत गेला. ४ चे ३ केले, दशकाच्या घरात १० आले, आणि एककाला १२. विसरला एवढंच की त्या दहातला एक दशक एककाकडे गेला, तिथे ९ उरायला हवेत. ऑगस्टमधल्या चुकीत हातचा नव्हताच, मार्चमधल्या चुकीत हातचा दोन घरं चालत आलाय आणि शेवटच्या पायरीवर घसरलाय. चुकीची जातच बदलली. नुसत्या फुल्या मोजल्या तर ऑगस्ट आणि मार्च सारखेच दिसतील.

प्रगती अशीच दिसते बऱ्याचदा, विशेषतः सुरुवातीला अडखळलेल्या मुलांची. बरोबर उत्तरं वाढायच्या आधी चुका शहाण्या होतात. म्हणून कार्डं लिहायला बसण्यापूर्वी त्या मुलाची जुलैची एक आणि मार्चची एक वही शेजारी उघडा आणि फक्त चुका वाचा.

आता चौकोन भरू. तुमच्या कार्डावर एका रकान्यात वीस-पंचवीस शब्दांपेक्षा जास्त बसणार नाहीत, तेव्हा सगळं लिहायचा मोह सोडावा लागेल. माझा पहिला खर्डा असा झाला: ‘जूनमध्ये घ-ध, भ-म अशा अक्षरांत गोंधळ होई व वेलांटी सुटे. आता चाळीस शब्दांचा उतारा जोडाक्षरांसह वाचतो.’ खरं आहे, पण हे तुमच्या वहीचं आहे, त्याच्या आईचं नाही. तिला ‘उतारा’ काय सांगेल? दुसऱ्यांदा लिहिलं तेव्हा ‘विशेष प्रगती’त असं उरलं:

‘जूनमध्ये एकेक अक्षर लावून वाचायचा. आता गोष्ट आपली आपण वाचतो आणि काय झालं ते सांगतो. हातच्याची वजाबाकी जमते.’

‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यात:

‘आता सूर्य, वर्ग असे शब्द वाचायचे. ४०२ – १५८ सारखी, मधे शून्य असलेली वजाबाकी करायची.’

नव्या उताऱ्याची परीक्षा कच्ची निघाली, तर ‘गोष्ट’च्या जागी ‘ओळखीचा धडा’ लिहा आणि सुधारणेत ‘नवी गोष्ट वाचायची’ घाला. ‘रफार’ हा शब्द मी मुद्दाम टाळला, कारण घरी तो कोणालाच कळणार नाही. ‘सूर्य, वर्ग’ म्हटलं की काय चुकतं ते वाचणाऱ्याला आपोआप दिसतं. रफार का अडतो तेही तुम्हाला ठाऊक असेलच: र दिसतो ‘य’च्या डोक्यावर, उच्चारायचा मात्र त्याच्या आधी. डोळा अक्षरापाशी आधी पोचतो, म्हणून ‘सूयर’, ‘वगर’. पहिल्या वेलांटीतही हीच उलटापालट असते, ती दिसते आधी आणि ऐकू येते नंतर, आणि वेलांटी तर त्यानं जिंकली आहे. रफारही येईल, पण त्यासाठी ‘सर्व शब्दांचा सराव’ देऊन उपयोग नाही. वर्ग, सूर्य, पर्वत, दर्शन, मिरची-मिर्ची अशा वीसेक शब्दांच्या चिठ्ठ्या करून द्या आणि र बोलून मग पुढचं अक्षर जोडायला सांगा.

‘आवड, छंद’ या रकान्यात ‘चित्रकला’ लिहू नका. तुमच्या वहीत ‘बैलांची शिंगं फार छान काढतो’ असं आहे, तेच लिहा. व्यक्तिमत्त्वाच्या रकान्यासाठीही वहीत एक ओळ आहे, डिसेंबरची, ‘हा शब्द काय आहे, असं येऊन विचारतो.’ जूनमध्ये जो पुस्तकामागे तोंड लपवत होता, तो डिसेंबरात उठून विचारायला आला. ‘प्रामाणिक, नम्र, आज्ञाधारक’ यापेक्षा हे मोठं आहे. ‘न आलेलं स्वतः येऊन विचारतो’, बास.

जाता जाता ‘प्रयत्न करतो’ या शब्दप्रयोगाविषयी एक सांगते, कारण तुम्हाला तो सुचेलच. मी एका मुलीच्या कार्डावर ‘वाचनाचा प्रयत्न करते’ लिहिलं होतं. तिचे वडील कार्ड हातात घेऊन म्हणाले, ‘म्हणजे येत नाही ना, बाई?’ पालक ही भाषा आपल्यापेक्षा चांगली जाणतात.

हे वाचणाऱ्या इतर शिक्षकांपैकी अनेकांकडे तुमच्यासारखी वही नसेल. नसली तरी मुलांच्या स्वाध्याय वह्या असतात, त्यांत जुलैचं एक पान आणि मार्चचं एक पान शोधायला पाच मिनिटं लागतात. आणि ज्यांच्या मुलाची प्रगती सरळ चढती नाही, दिवाळीनंतर वर गेली आणि फेब्रुवारीत पुन्हा घसरली, त्यांनी ‘सातत्याने प्रगती’ हे शब्द वापरू नयेत, ते सोन्यासारख्यांसाठी ठेवावेत. पालक वाचत असतील तर त्यांना एवढंच सांगेन की कार्डावर ‘वाचनात सुधारणा आवश्यक’ दिसलं, तर रागावण्याआधी बाईंना किंवा गुरुजींना विचारा, कोणते शब्द? उत्तर मिळालं तर सुट्टीचं काम मिळालं.

सोन्याच्या घरी सुट्टीसाठी काय सांगाल हेही ठरवून ठेवा, कारण मे आणि अर्धा जून पुस्तक बंद राहिलं तर मार्चचे काही शब्द उन्हात वाळून जातील. आई शिकलेली नसेल तर ‘अभ्यास घ्या’ म्हणू नका. रोज संध्याकाळी दहा मिनिटं त्यानं धाकट्या बहिणीला गोष्ट वाचून दाखवायची आणि आजीनं ऐकायची. ऐकायला अक्षरओळख लागत नाही. शाळेच्या पेटीतली दोन पातळ पुस्तकं तुमच्या सहीवर त्याच्याकडे द्या.

आणि १ मेला निकाल द्याल तेव्हा कार्ड वडिलांच्या हातात देण्याआधी सोन्याच्या हातात द्या. त्यालाच मोठ्यानं वाचू दे. जूनपासून वजाबाकीपर्यंतच्या ओळी तो वाचेल, मग ‘सूर्य’पाशी अडेल, आणि कार्डावर काय लिहिलंय ते कोणी न समजावता त्याच्या आईला समजेल. तो अडला की तुम्ही शब्द सांगू नका, जरा थांबा. जमलंच तर र आधी म्हणून बघेल.